मतदार यादीतलं नाव नेमकं कुठे तपासायचं?

प्रश्न : गुगलवर ‘मतदार यादीत नाव शोधा’ टाकलं की बऱ्याच साइट दिसतात. एकीने आधार नंबर मागितला. खरी साइट कोणती?

ती साइट लगेच बंद करा. नाव शोधायला आधार लागत नाही, पैसे तर अजिबात लागत नाहीत. निवडणूक आयोगाचं शोधपान electoralsearch.eci.gov.in हे आहे. सर्चमध्ये वर आलेल्या दुव्यावर जाऊ नका, हा पत्ता स्वतः टाइप करा.

नकली साइट ओळखायला रंग, अशोकस्तंभ किंवा कुलपाचं चिन्ह कामाचं नाही. ते कुणालाही लावता येतं. बघायचा तो पत्ता. https:// नंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधी eci.gov.in असायला हवं. समजा पत्ता असा आहे:

```
https://voters.eci.gov.in.example.com/search
```

सुरुवात अगदी ओळखीची वाटते, पण रेघेआधी example.com आहे, म्हणजे साइट त्या example.com वाल्याची. मोबाइलवर लांब पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर बोट टेकवून तो पूर्ण उघडून बघा.

माझ्या अनुभवात माणसं फसतात ती बहुतेक खऱ्या साइटवर नाव सापडलं नाही म्हणून. आमच्या नात्यातल्या एका ताईंचं असंच झालं. ‘ज्योत्स्ना’ आणि नवऱ्याचं नाव टाकलं, काहीच आलं नाही. लगेच दुसरी साइट शोधायला निघाल्या होत्या. त्यांना म्हटलं, थांबा, ओळखपत्र काढा. त्यावरचा ईपिक नंबर, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, टाकून राज्य निवडलं, कॅप्चा भरला, आणि नाव आलं! नोंद लग्नाआधीची, माहेरच्या मतदारसंघातली, नातेवाइकाच्या जागी वडिलांचं नाव. तपशिलाने शोधताना नवऱ्याचं नाव आणि सासरचा जिल्हा दिल्यावर ती सापडणार कशी? त्यांनी मग voters.eci.gov.in वर फॉर्म ८ भरून पत्ता बदलायला टाकला.

म्हणून आधी ईपिकनेच शोधा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत तेवढी टाळा. कार्ड हाताशी नसेल तर तपशिलाने शोधा, स्पेलिंग बदलून पाहा, वडिलांचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं आलटून पालटून टाका. मोबाइल नंबरनेही शोधता येतं, पण तो नंबर नोंदणीला जोडलेला असेल तरच. त्या पर्यायात ओटीपी येतो, तो याच पानावर टाकायचा, फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

नाव सापडलं की यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र टिपून ठेवा. कार्ड खिशात आहे म्हणून यादीत नाव आहेच असं धरू नका. यादीत नसेल तर कार्ड दाखवूनही मतदान करता येत नाही. सगळं करूनही सापडलं नाही, तर १९५० वर फोन करा किंवा तुमच्या भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटा. नोंद खरोखरच नसेल तर फॉर्म ६ भरावा लागेल, तोही फुकटच.