एसएलएमधल्या ९९.५ टक्क्यांचा अर्थ काय?

प्रश्न: कळंगुटला हॉटेल सांभाळतो. इंटरनेट कंपनीच्या एसएलएमध्ये, म्हणजे सेवेच्या हमीच्या करारात, '९९.५% अपटाइम' लिहिलंय. वकिली भाषा कळत नाही. नेमकं काय बघू?

उत्तर: अपटाइम म्हणजे लाइन चालू असलेला वेळ. ३० दिवसांचे ७२० तास होतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. महिन्याला एवढा वेळ लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही, मग ती ३१ डिसेंबरच्या रात्री का असेना.

आता बंद वेळ कशी मोजतात ते वाचा, खरी मेख तिथेच असते. समजा लाइन ९ तास बंद होती. त्यातले २ तास आधीच कळवलेल्या दुरुस्तीचे होते, आणि तक्रार तुम्ही तासाभराने नोंदवली. बहुतेक करारांत कळवलेली दुरुस्ती मोजत नाहीत आणि घड्याळ तक्रारीचा तिकीट नंबर मिळाल्यापासून सुरू होतं, म्हणून ६ तासच धरले जातील. अपटाइम ९९.१७ टक्के, म्हणजे करार मोडला. पण मोजणी तिमाही असेल, तर ९० दिवसांत १० तास ४८ मिनिटांची सूट मिळते आणि तेच ६ तास सहज पचतात! 'मासिक' शब्द लिहून घ्याच.

भरपाई साधारणपणे पुढच्या बिलात सूट म्हणून मिळते. २०,००० च्या बिलावर ५ टक्के धरले तर १,००० रुपये. बुडालेल्या धंद्याचे पैसे नाहीत. ही सूटही मुदतीत लेखी मागावी लागते.

'प्रतिसाद ४ तासांत' म्हणजे फक्त फोन येईल. दुरुस्तीची वेळ वेगळी लिहिलेली हवी. रस्ता खोदताना केबल तुटली तर ते अपवादात मोडतं का, तेही विचारा.