फोन केलात, पण कुठल्या नंबरावर?

> "नवीन सप्लायरला पहिलं ॲडव्हान्स पाठवायचंय. कॅन्सल्ड चेक आलाय, प्रोफॉर्मावरच्या नंबरवर फोन करून खातं कन्फर्म पण केलं. आता आरटीजीएस मारू ना?"

थांबा. आज मारू नका.

मी देवगडकडच्या एका आंबा पॅकिंग युनिटचे अकाउंट्स बघते. तुमची पोस्ट वाचून आमच्याकडचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा व्यवहार आठवला. सीझन तोंडावर, बॉक्सवाला घाटावरचा आणि नवीन, ॲडव्हान्स १,९०,००० रुपये. प्रोफॉर्मा मेलवर आला, आणि थोड्या वेळाने "रिवाइज्ड" प्रोफॉर्मा. दर तेच, शिक्का तोच, फक्त खातं दुसरं. आमच्या व्हेंडर फॉर्मवर "फोन करून खात्री केली: होय" असा रकाना होता आणि तो भरलेला होता. फोन खरंच झाला होता, पण त्या दुसऱ्या प्रोफॉर्मावर छापलेल्या मोबाईलवर. समोरच्याने गोड बोलून "हो मॅडम, तेच खातं" म्हटलं. मेल आयडीत एक अक्षर जास्त होतं, ते नंतर दिसलं. खऱ्या बॉक्सवाल्याने ॲडव्हान्सची चौकशी केली, तेव्हा सगळं उघड झालं.

म्हणजे फोन झाला की नाही हा प्रश्नच नाही. नंबर कुठून आला, हा आहे. ज्या कागदाने खातं आणलं त्याच कागदावरचा नंबर चालत नाही. लेटरहेड, मेलची सही, कॅन्सल्ड चेकसोबतचं पत्र, त्याच व्हॉट्सॲप चॅटमधला नंबर, सगळं एकाच हातातून आलेलं असतं. चेकचा फोटो तर सहज बदलता येतो.

जुन्या सप्लायरचा नंबर फाईलला असतो, नव्याचा नसतो, म्हणून पहिल्या पेमेंटलाच खरी अडचण. जीएसटी पोर्टलवर जीएसटीआयएन टाकला की कायदेशीर नाव, ट्रेड नेम आणि पत्ता मिळतो. फोन मिळत नाही, पण खात्याचं नाव ताडून बघायला ते पुरतं. नंबरासाठी खरेदीवाल्याला विचारा: कारखान्यात जाऊन आला असेल तर तिथे हातात मिळालेलं कार्ड आणा. नमुन्याचे बॉक्स ट्रान्सपोर्टने आले असतील तर बिल्टीवर पाठवणाऱ्याचा नंबर असतो, आणि ती बिल्टी खात्याचा विषय निघायच्या आधीची असते. नाहीतर त्यांच्याकडून माल घेणारा तुमच्या ओळखीतला कोणी असेलच, त्याच्याकडून घ्या. आमच्या फॉर्मवर आता "नंबर कुठून मिळाला" आणि "कोणाशी बोललो" असे दोन रकाने आहेत. ते रिकामे असले तर बेनिफिशियरी ॲड होत नाही.

फोनवर खातं तुम्ही वाचून दाखवू नका. "तुमचा खाते नंबर आणि आयएफएससी सांगा" म्हणा, त्यांना पूर्ण बोलू द्या, तुम्ही कागदावर ताडत जा. आपण वाचलं की समोरचा घाईत "हो हो" म्हणून मोकळा होतो, खरा असला तरी. त्यांनीच फोन केला तर तो कॉल-बॅक नाही. "मीच करते" सांगून ठेवा आणि आपल्या नंबरावर लावा. पावसात रेंज नसेल, फोन लागत नसेल, तर पेमेंट उद्या. मालक चिडले तरी उद्या.

आता बँकेबद्दल. आम्ही शाखेत धावलो तर उत्तर मिळालं, "खाते नंबर आणि आयएफएससी बरोबर आहेत, पैसे जमा झालेत, लेखी अर्ज द्या, वर पाठवतो." अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. 1930 वर लगेच तक्रार करा, एवढं एक वाक्य तिथे कोणी बोललं नाही. आमचा सगळा वेळ तिथेच गेला, याचा मला अजून राग येतो. त्या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पुढच्या बँकेला रक्कम रोखायला सांगता येतं, पण पैसे खात्यात शिल्लक असेपर्यंतच. आमचे बहुतेक काढून झाले होते. तेव्हा तशी वेळ आलीच तर आधी 1930, cybercrime.gov.in वर नोंद, आणि मग शाखा.

त्या वेळी एनईएफटीत पैसे नंबरावर जमा व्हायचे, नाव कोणी जुळवत नव्हतं. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएससाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवायची सोय द्यायला बँकांना सांगितलंय. ती जरूर वापरा. पण मिळत्याजुळत्या नावाचं खातं उघडलेलं असेल तर तीही फसते. एक रुपया पाठवून बघायचंही तसंच. मी एक रुपयाऐवजी सतरा-तेवीस असा काहीतरी आकडा पाठवते आणि स्वतंत्रपणे मिळवलेल्या नंबरावर विचारते, "किती आले?" प्रोफॉर्मावरच्या नंबरावर विचारलंत तर तो भामटाही बरोबर आकडा सांगेल, कारण पैसे त्याच्याच खात्यात गेलेले असतात.

हा माझा अनुभव आहे. तुमच्या कंपनीचे नियम किंवा ऑडिटर वेगळं सांगत असतील तर त्यांना विचारा. पण तुमच्या केसमध्ये खरेदीवाल्याला आजच गाठा आणि बिल्टी शोधा.