चूक ऑफिसात, बोलणं घरी

"मॅडम, काकांच्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप करतेय. ऑफिसात मला कोणीच काही बोलत नाही, आणि घरी मात्र रोज ऐकून घ्यावं लागतं. सोडून देऊ का?"

हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. कधी काकांच्या जागी मामा असतात, कधी मोठा भाऊ, एवढाच काय तो फरक. या वेळी समोर वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी होती. कंपनीत वडील आणि काका भागीदार, आणि तिची नेमणूक हिशेब विभागात. तिच्याशी पाच-सहा वेळा बोलणं झालं, त्यातलं मोजकंच इथे सांगते.

मी तिला विचारलं, "शेवटची चूक कधी झाली?"

"सोमवारी."

"तुला कधी कळली?"

"गुरुवारी रात्री. बाबा जेवताना म्हणाले, काका म्हणत होते, तुझं कामात लक्ष नसतं."

"बरं, पण चूक काय होती?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "ते... मला अजून नीट माहीतच नाही."

या शांततेत मी मुद्दाम घाई केली नाही. ती अपमानाची तक्रार घेऊन आली होती. आता तिच्या लक्षात येत होतं की दुखावण्यापेक्षा मोठं नुकसान भलतंच झालं आहे. चूक कामातली होती, पण काकांकडून बाबांकडे आणि बाबांकडून तिच्याकडे येईपर्यंत त्यातलं काम गळून गेलं आणि उरला फक्त स्वभावावरचा शेरा. एंट्री दुरुस्त करता येते. 'लक्ष नसतं' हे कसं दुरुस्त करणार?

कुटुंबाकडे मी मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाच्या नजरेने पाहते. दोघांमधला ताण पेलवेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, असं त्यांचं म्हणणं. काकांना पुतणीला समोर बसवून बोलणं जड जात होतं, म्हणून ते भावाशी बोलले. यात कोणीच वाईट नव्हतं. म्हणूनच काका कसे बदलतील यावर मी एक मिनिटही घालवलं नाही. निरोपाची वाट बदलायची होती, आणि ते तिच्या हातात होतं.

आम्ही एक पानभर मजकूर तयार केला. काम कोणतं, वेळ काय, शेवटचा दिवस कोणता, कामाचा अहवाल कोणाला द्यायचा. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. शक्य असेल तर ती व्यक्ती नात्यातली नसावी. हिशेब विभागात अनेक वर्षं काम करणाऱ्या एक ताई होत्या, त्यांचं नाव लिहिलं. पण मालकाच्या पुतणीला बोलायला त्याही कचरणार. तेव्हा "तिची चूक तुम्ही थेट तिलाच सांगा" हे काकांनी त्यांना तिच्यादेखत सांगायला हवं होतं. नाहीतर तो कागद नुसता कागदच राहतो. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ताईंबरोबर बसायचं, हेही त्यात लिहिलं.

काकांना पहिल्यांदा वाईट वाटलं. "घरच्या माणसांत कागद कशाला?" कॉलेजला लागतो असं सांगून वेळ मारून नेऊ का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हटलं. कॉलेजच्या नावावर मागितलेली शिस्त काका कॉलेजसाठीच पाळतील. त्याऐवजी ती म्हणाली, "काका, चूक त्याच दिवशी कळली तर मीच दुरुस्त करेन. तुम्हाला करावी लागणार नाही." हे त्यांना पटलं.

घरचं अवघड होतं. बाबांनी विषय काढला की तिने एकच वाक्य म्हणायचं ठरवलं, "बाबा, हे मला ऑफिसात सांगायला सांगा." पहिल्या वेळी ती रडली, दुसऱ्या वेळी बाबा चिडले. तिसऱ्या वेळी त्यांनी तिथेच काकांना फोन लावला. उलट दिशेनेही हाच नियम होता. ऑफिसातल्या माणसांच्या गोष्टी घरी न्यायच्या नाहीत, आणि भागीदारीवरून दोघा भावांत कुरबुर असेल तर त्यांचे निरोप पोचवायचे नाहीत. ती कुरबुर इंटर्नच्या कागदाने मिटत नाही, आणि मिटवायला जाऊही नये.

सहाव्या आठवड्यात ती आली ती सांगतच. काकांनी तिला टेबलाशी बोलावून दोन कागद समोर ठेवले होते. एका ग्राहकाने वीस खोकी परत पाठवली होती, आणि तिने ती नवी खरेदी म्हणून टाकली होती.

"मॅडम, माल दोन्हीकडे वाढतोच ना, म्हणून साठा बरोबर जुळला! पण ग्राहकाकडचं येणं कमी झालं नाही आणि पुरवठादाराचं देणं उगाच वाढलं. सोमवारची चूकसुद्धा हीच होती. ग्राहकाकडचं येणं कमी करणारी क्रेडिट नोट मीच केली, ताईंनी फक्त तपासली."