प्रत्ययातून कर्ता कळतो म्हणून तो गाळता येतो, असं वाचलं. मग "फोन केला होता" म्हणताना आपण "मी" कसा काय गाळतो? "केला" तर फोनप्रमाणे चालतो!

तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. तो नियम इटालियनकडे बघून बांधलेला आहे, आणि तिथे तो बऱ्यापैकी चालतो. मराठीत कर्तरी प्रयोगात तो चालल्यासारखा वाटतो, कर्मणी आणि भावे प्रयोगात मात्र कोसळतो. मी वाक्यरचना शिकवते, आणि मला विचाराल तर मराठीत कर्ता गाळण्याची परवानगी प्रत्यय देतच नाही. गाळलेला कर्ता शोधायला तो मदत करतो, एवढंच.

आधी मूळ दावा. इटालियनमध्ये "बोलणे"चा वर्तमानकाळ असा चालतो: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लिआमो, पार्लाते, पार्लानो. सहा जागा, सहा वेगळी रूपं. "पार्लो" ऐकलं की "मी" कळलाच, मग तो वेगळा कशाला उच्चारायचा? इंग्रजीत ही सोय नाही, म्हणून तिथे सर्वनाम सोडता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ क्नुट ताराल्डसेन यांनी १९७८मध्ये हा संबंध ठळकपणे मांडला आणि १९८०च्या दशकात चॉम्स्की, रित्सी वगैरेंनी त्यावर सिद्धान्त उभा केला. न उच्चारलेल्या त्या सर्वनामाला "प्रो" म्हणतात, आणि कर्ता असा गाळण्याला प्रो-ड्रॉप.

दाव्याच्या बाजूचा मला सगळ्यात पटणारा पुरावा हिब्रूतला आहे. तिथे भूतकाळात "कतावती" म्हटलं की "मी लिहिलं" एवढं पूर्ण होतं, कारण शेवटच्या "ती"मध्ये "मी" आहे. वर्तमानकाळातलं "कोतेव" मात्र फक्त लिंग आणि वचन दाखवतं, मी-तू-तो काही दाखवत नाही. आणि तिथे "अनी", म्हणजे "मी", सहसा म्हणावाच लागतो. भाषा तीच, बोलणारा तोच, प्रत्ययातून पुरुष गेला आणि सर्वनाम परत आलं.

आता मराठी. भविष्यकाळ बघा: जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. सहाला सहा, इटालियनसारखंच. पण वर्तमानकाळात पुरुष बोलत असेल तर मी जातो, तो जातो, आम्ही जातो, तिन्हीकडे "जातो"च. बाकी जातोस, जाता, जातात. सहा जागांना चार रूपं.

हा चारचा आकडा लक्षात ठेवा, कारण जर्मनमध्येही बरोबर चारच आहेत. "येणे"चा वर्तमानकाळ: कोमं, कोम्स्ट, कोम्ट, कोमन, आणि मग पुन्हा कोम्ट, कोमन. म्हणजे प्रत्ययांच्या श्रीमंतीत दोघी बरोबरीच्या. तरी जर्मनमध्ये "उद्या येतो" असं नुसतं म्हणता येत नाही, "मॉर्गेन कोमं इश" असा शेवटी "इश", म्हणजे "मी", लागतोच. बोलताना जर्मन माणूस कर्ता कधी गाळतच नाही असं नाही. "कोमं ग्लाइश", म्हणजे "आलोच", असं म्हणतात. पण ते फक्त वाक्याच्या पहिल्या जागेवरून. पहिल्या जागी "उद्या" आला की सवलत संपली, आणि "की"नंतरच्या गौण वाक्यात तर ती नाहीच. मराठीत "उद्या येतो" चालतं, "त्याला सांग की उद्या येतो" हेही चालतं. तेव्हा रूपं मोजून काही ठरत नाही. विद्यार्थ्यांना मी हे दोन तक्ते शेजारी शेजारी लिहून दाखवते, कारण "भरपूर प्रत्यय म्हणजे किती?" हा प्रश्न त्याशिवाय कुणी विचारत नाही.

एकच रूप अनेकांना चालल्यामुळे घोटाळे होतात का? होतात. एकदा एका सहकाऱ्यांच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली: "आले होते, भेट झाली नाही." त्यांनी दिवसभर चौकशी केली की कोण पाहुणे आले होते. "आले होते" हे बाईने स्वतःबद्दल म्हटलेलं असू शकतं, अनेक पुरुषांबद्दलचं असू शकतं, किंवा एखाद्या मोठ्या माणसाबद्दल आदराने म्हटलेलं. खाली नाव लिहायचं राहिलं होतं. त्याऐवजी "उद्या येईन" लिहिलं असतं तर निदान लिहिणारी व्यक्ती स्वतःच येणार आहे हे तरी कळलं असतं. पण गंमत अशी की घोटाळा झाला तरी वाक्य चुकलं नव्हतं. माझ्या सहकाऱ्यांना ते मराठीच वाटलं, फक्त त्यांनी कर्ता दुसरा धरला. हिब्रू भाषकाला "अनी" नसलेलं "कोतेव" ऐकून वाक्य अपुरं वाटतं. दोन्ही तऱ्हा वेगळ्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फरकातच आहे.

रित्सींनी १९८६मध्ये हे दोन प्रश्न वेगळे केले होते. एक परवान्याचा: या जागी न उच्चारलेलं सर्वनाम असू शकतं का? दुसरा ओळखीचा: असेल तर ते कोण, हे कशावरून ठरवायचं? मूळ दाव्यात हे दोन्ही एकत्र झाले होते, आणि प्रत्ययाला दोन्हींचं श्रेय मिळत होतं.

आता तुमचं वाक्य घेऊ, थोडं लांबवून: "काल फोन केला होता, उचलला नाहीस."

"केला" पुल्लिंगी आहे कारण "फोन" पुल्लिंगी आहे. "चौकशी" असती तर "केली" झालं असतं, करणारा कुणीही असो. हा शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग. मी केला, आम्ही केला, त्याने केला, तिने केला, त्यांनी केला: क्रियापदात तसूभर फरक नाही. दाव्याप्रमाणे इथे कर्ता गाळणं अशक्य व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात "मी" न म्हणणं हेच साधं बोलणं आहे. "मी फोन केला होता" म्हटलं की त्यात ठासून सांगितल्याचा सूर येऊ शकतो, जणू कुणी ते नाकारलं होतं.

पुढचा भाग आणखी बघण्यासारखा आहे. "उचलला"सुद्धा फोनप्रमाणेच. पण "नाहीस"मधला "स" सांगतो की न उचलणारा "तू" आहेस. व्याकरणाच्या पुस्तकांत याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात: क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि वर कर्त्याची एक खूण वागवतं. ही खूण समोरच्यासाठीच आहे, "तू"ला "स" आणि "तुम्ही"ला "त": केलास, केलात. मी, आम्ही, तो, ती यांना काही नाही. आता ऐकणारा काय करतो बघा. दुसऱ्या भागात "स" आहे म्हणून तिथे "तू". पहिल्या भागात "होतास" नाही, नुसतं "होता" आहे, म्हणून फोन करणारा "तू" नक्की नव्हे. राहिले मी, आम्ही, तो, ती, ते. आधी कुणा तिसऱ्याचा विषय निघालेला नसेल तर बोलणारा स्वतःच. प्रत्ययाने एक नाव खोडलं, बाकीचं काम प्रसंगाने केलं.

प्रसंग बदला की ओळखही बदलते. "आई म्हणाली की काल फोन केला होता." इथे फोन करणारी आईच असेल असं आपण आधी धरतो. "आई म्हणाली की तिने काल फोन केला होता" म्हटलं की ही "तिने" दुसरीच कुणी असेल अशी शंका यायला जागा मिळते. क्रियापद दोन्हीकडे अक्षरशः तेच आहे, ओळख वरच्या वाक्यातल्या कर्त्यावरून ठरली.

भावे प्रयोगात तर क्रियापद कुणाप्रमाणेच चालत नाही, "आईने मुलांना उठवलं"मधलं "उठवलं" सगळ्यांना सारखं. तरी "उठवलं का?" "हो, उठवलं" हा संवाद आपण सहज करतो, आणि त्यात कर्ता आणि कर्म दोन्ही गायब असतात.

यावर सिद्धान्ताच्या बाजूने एक उत्तर येतं. चिनीमध्ये क्रियापदाला कर्त्याचा एकही प्रत्यय नाही, तरी कर्ता सर्रास गाळतात, आणि हुआंग यांनी १९८४मध्ये दाखवलं की अशा भाषांत ओळख चालू विषयावरून पटते. तेव्हा मराठी कर्तरीत इटालियनसारखी आणि कर्मणीत चिनीसारखी वागते, असं म्हणता येईल. मला हे पटत नाही. एक तर बोलणाऱ्याला यंत्रणा बदलल्याची जाणीव कुठेच होत नाही, "उद्या येईन, काल फोन केला होता" हे एका दमात येतं. दुसरं, मराठी फक्त कर्ताच गाळत नाही. "उचलला नाहीस"मध्ये फोनही गाळलेला आहे. "तिला सांगितलंस?" "सांगितलं" यातली "तिला" तर क्रियापदात कुठेच नसते, तरी गाळली जाते. इटालियनमध्ये ठरावीक कर्म असं हवेत सोडता येत नाही, क्रियापदाला छोटं सर्वनाम चिकटवावं लागतं. म्हणून मी मराठीला मुळात विषयावरून गाळणारी भाषा मानते, आणि तिचे प्रत्यय म्हणजे वरची मदत.

शेवटी, ज्या सहा रूपांवर सगळा भर आहे तीही तृतीय पुरुषात कमी पडतात. "उद्या येईन" ऐकून कुणी "कोण?" विचारत नाही. पण कुणाचाही विषय नसताना "उद्या येईल" म्हणा, ऐकणारा लगेच विचारेल, "कोण येईल?" प्रत्ययाने सांगितलं की तो मी नव्हे, तू नव्हे, त्यापुढे सांगायला त्याच्याकडे काही नाही. इटालियनमध्ये "उद्या येईल"ला "वेर्रा दोमानी" म्हणतात, त्याचंही हेच होतं. हिब्रू भूतकाळातही "मी" आणि "तू" बिनदिक्कत गळतात, आणि "तो" म्हणायचा झाला की साध्या वाक्यात "हू" लागतो.