बाबांना पत्र: धूम्रपान सोडवू पाहणाऱ्या मुलींचे प्रश्न

वडील ६३ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षे विडी ओढतात. समोर बोलले की भांडण होते, म्हणून पत्र लिहायचे ठरवले आहे. त्यात काय लिहू?

कर्करोगाचे आकडे लिहू नका. बंडलावरचे चित्र ते रोज पाहतात आणि ते पाहूनच विडी पेटवतात. फक्त तुम्हालाच दिसलेले असे काहीतरी लिहा. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलीच्या पहिल्या मसुद्यात आठ कारणे होती. ती सगळी खोडून तिने एवढेच ठेवले: ‘बाबा, दिवाळीत आकाशकंदील लावायला तुम्ही गच्चीवर निघालात आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलात. चप्पल निसटली म्हणालात. मी खालून पाहत होते, चप्पल पायातच होती.’

हा आरोप नाही, त्यामुळे त्याला प्रतिवादही करता येत नाही. यानंतर एकच मागणी करा आणि तिला तारीख द्या. ‘विडी सोडा’ असे लिहिले तर ते ‘बघू’ म्हणतील. त्याऐवजी ‘येत्या शनिवारी मी येते, आपण छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री करून घेऊ’ असे लिहिले, तर त्यांना हो किंवा नाही म्हणावे लागते. या तपासणीत नळीत जोराने फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात, आणि जिन्यावर लागलेला दम वयाचा की धुराने अरुंद झालेल्या श्वासनलिकांचा, हे बरेचसे स्पष्ट होते. ‘माझ्यावर प्रेम असेल तर सोडाल’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा, कारण उद्या त्यांच्याकडून एक विडी ओढली गेली, तर तुमच्या लेखी ते प्रेमातही नापास होतील, आणि मग ते लपवू लागतील.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ असे बाबा विचारतात. पत्रात काय उत्तर देऊ?

ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाचा पन्नास वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात साठीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य, ओढत राहिलेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी अधिक आढळले. हा आकडा लिहायला हरकत नाही, पण खोटे आश्वासन देऊ नका. फुप्फुसांची झालेली झीज भरून येत नाही, पुढे होणाऱ्या झिजेचा वेग कमी होतो. ‘जिना आज जेवढा चढता, तेवढा पुढेही चढता यावा’ हे वाक्य खरे आहे आणि त्यांना पटेल असेही आहे. सोडल्यानंतर पहिले काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो, हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘सोडल्यामुळेच आजारी पडलो’ असा निष्कर्ष निघतो. दम्यासाठी ते थिओफिलिनच्या गोळ्या घेत असतील, तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा, कारण धूर थांबला की या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते.

पत्र वाचून बाबांनी पंधरा सिगारेटींवरून पाचवर आणले. समाधान मानावे का?

कौतुक अवश्य करा, समाधान मानू नका. शरीर निकोटीनची ठरलेली मात्रा मागते, त्यामुळे उरलेल्या पाच सिगारेटी खोल झुरके घेत थेट बुडापर्यंत ओढल्या जातात आणि धूर तितका कमी होत नाही. शिवाय हृदयाला पाचही पुष्कळ झाल्या. त्यांना एकच विचारा: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर सवय पक्की आहे आणि निकोटीनच्या गोळीची, म्हणजे च्युइंगगमची, सहसा ४ मिलिग्रॅमची मात्रा लागते, एरवी २ पुरते.

ही गोळी बहुतेक जण चुकीची वापरतात. ती सुपारीसारखी सतत चघळायची नसते. झणझणले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा थोडी चावायची, असे अर्धा तास करायचे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी किंवा सरबत नको, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. आपल्याकडे चहा आणि सिगारेट ही जोडी, त्यामुळे नेमके येथेच बिघडते. कवळी असल्यास गोळी तिला चिकटते, अशा वेळी त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. हृदयविकार असेल तर दोन्ही त्यांच्या सल्ल्यानेच.

नऊ दिवस बंद होती. दहाव्या दिवशी टपरीवर मित्रांसोबत एक ओढली, हे त्यांनी स्वतःच सांगितले. दुसरे पत्र लिहू का?

लिहा, पण चारच ओळींचे. त्यांनी आपणहून सांगितले, याचा उल्लेख पहिल्या ओळीत करा. मग टपरीवर जाण्याची वेळ विचारा आणि पुढचे दोन आठवडे त्या वेळी फोन करत जा. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते, आणि तेवढे बोलणे बाप-लेकीत सहज होते. शेवटी 1800-11-2356 हा क्रमांक लिहा. तंबाखू सोडण्यासाठीची ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे. मुलीला सांगायला संकोच वाटेल ते तेथील समुपदेशकाला सांगता येते.