शुगरच्या फीडबॅक लूपची आकृती काढताना बाणांवर चिन्हं टाक

आधी मधोमध एकच चौकोन काढ, 'रक्तातली साखर, साधारण 90'. आता समज जेवण झालं आणि ती 130 वर गेली, तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना ते कळतं आणि त्या इन्सुलिन सोडतात, मग स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत ओढतात, लिव्हर ती ग्लायकोजेन करून साठवतं, आणि साखर उतरते. बरेच जण इथेच थांबतात, पण खरा बाण पुढचाच आहे, उतरलेल्या साखरेकडून परत बीटा पेशींकडे जाणारा, कारण साखर कमी झाली की इन्सुलिनही आपोआप कमी होतं.

प्रत्येक बाणावर चिन्ह टाक. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, म्हणून अधिक. इन्सुलिन वाढलं की साखर घटते, म्हणून उणे. लूपमध्ये उणे एकच, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक.

ग्लुकागॉनचं उलटं: साखर 65 वर उतरली की स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ते जास्त सोडतात, एक घटतं तेव्हा दुसरं वाढतं म्हणून तिथे उणे, आणि लिव्हर ग्लायकोजेन फोडून साखर सोडतं, तिथे अधिक. उणे परत एकच! दोन उणे आले तर कुठलातरी बाण चुकलाय, ग्लुकागॉनकडून स्नायूंकडे बाण काढला असशील तर तोही खोड, त्याचं काम मुख्यतः लिव्हरवर चालतं.