पगारवाढीमुळे वरच्या स्लॅबमध्ये गेल्यावर हातात कमी पैसे येतील का?

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करते. माझा वार्षिक पगार 16,50,000 रुपये आहे आणि मी नवीन करप्रणाली घेतली आहे. जानेवारीत वर्षाला 1,00,000 रुपये वाढीचं पत्र मिळालं, वाढ मागच्या एप्रिलपासून लागू आहे. सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवला की मी 15 टक्क्यांतून 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाईन आणि वर्षाला उलट 2,700 रुपये कमी मिळतील. पत्रावर सही न करता वाढ नको असं लेखी कळवावं का?

उत्तर : सही करा. या वाढीतले 80,500 रुपये कर भरूनही तुमचेच राहतील.

2,700 चा आकडा कसा निघाला, हे मला दिसतं. पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली की तुमचं करपात्र उत्पन्न आज 15,75,000 आहे आणि वाढीनंतर ते 16,75,000 होईल. सहकाऱ्यांनी पहिल्या रकमेवर सरसकट 15 टक्के आणि दुसऱ्या रकमेवर सरसकट 20 टक्के कर लावला, वर 4 टक्के उपकर धरला. त्यामुळे कर 2,45,700 वरून 3,48,400 वर गेला, म्हणजे वाढ एक लाखाची आणि कर 1,02,700 ने जास्त. गुणाकार बरोबर आहेत, पण कायदा असा कर लावतच नाही.

स्लॅबचा दर माणसाला लागत नाही, संपूर्ण उत्पन्नालाही लागत नाही. तो फक्त उत्पन्नाच्या त्या टप्प्यात पडणाऱ्या भागाला लागतो. जुन्या प्रणालीच्या दरांची भाषा याबाबतीत फार स्पष्ट आहे : 5 लाखांच्या वर उत्पन्न गेलं तर कर किती, तर 12,500 रुपये अधिक 5 लाखांच्या वर जितकी रक्कम असेल तिच्या 20 टक्के. खालच्या टप्प्यांचा कर ठरलेला राहतो आणि नवा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. 2025-26 साठी नवीन प्रणालीचा तक्ता 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 115बीएसी मध्ये आहे, पुढे येणारी कलमंही त्याच कायद्याची. त्याचं रूप वेगळं असलं तरी तत्त्व हेच.

आता 2025-26 या आर्थिक वर्षाचे दर लावून तुमचा हिशेब करू. पहिल्या 4 लाखांवर काही नाही. 4 ते 8 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000 रुपये आणि 8 ते 12 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000. आज उरलेल्या 3,75,000 वर 15 टक्क्यांनी 56,250 होतात. एकूण 1,16,250, उपकरासह 1,20,900. वाढीनंतर 16 लाखांपर्यंतचा 15 टक्क्यांचा टप्पा पूर्ण भरतो, त्याचे 60,000. त्याच्या वर फक्त 75,000 उरतात, त्यांवर 20 टक्क्यांनी 15,000. एकूण 1,35,000, उपकरासह 1,40,400. फरक 19,500 रुपयांचा.

शेवटच्या रुपयावर लागणारा दर म्हणजे सीमांत दर. उपकर धरून तुमचा तो 15.6 टक्क्यांवरून 20.8 टक्क्यांवर जातो. एकूण कराला एकूण करपात्र उत्पन्नाने भागलं की मिळतो तो सरासरी दर, आणि तो 7.7 वरून जेमतेम 8.4 टक्क्यांवर जातो. सहकाऱ्यांनी सीमांत दर सरासरी म्हणून वापरला, गोंधळ एवढाच आहे. कोणत्याही टप्प्याचा दर शंभर टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वाढलेल्या प्रत्येक रुपयातला काही भाग तुमच्याकडे राहणारच. म्हणून केवळ स्लॅब बदलल्याने हातातली वार्षिक रक्कम घटू शकत नाही.

तरीही वाढ झाल्यावर पगार कमी आल्याचं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांनी एका महिन्याची पे-स्लिप पाहिलेली असते. कलम 192 प्रमाणे कंपनी तुमच्या वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर सरासरी दराने टीडीएस कापते आणि कमी कापला गेलेला कर उरलेल्या महिन्यांत भरून काढते. तुमचा महिन्याला 10,075 रुपये कापला जातोय. आता वर्षभराचे जादा 19,500 शेवटच्या तीन महिन्यांतच वसूल व्हायचे आहेत. ते समान वाटले तर महिन्याला 6,500 जादा जातील. जानेवारीत नऊ महिन्यांची थकबाकी मिळाल्याने ते जाणवणार नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये 8,333 ची वाढ फक्त 1,833 ची दिसेल. आणि पेरोलवाल्यांनी सगळा जादा कर मार्चवर ढकलला, तर मार्चचा पगार आजच्यापेक्षा चक्क 11,167 रुपयांनी कमी येईल! तेव्हा घाबरू नका. दर तेच राहिले तर एप्रिलपासून मासिक कपात 11,700 वर स्थिरावेल. मूळ वेतन वाढल्याने भविष्य निर्वाह निधीची कपातही थोडी वाढू शकते, पण तो कर नाही, तुमच्याच खात्यात जमा होणारी रक्कम आहे.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण या भीतीचं मूळ बहुधा तिथे आहे. नवीन प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाचा कर कलम 87ए च्या सवलतीने शून्य होतो. उत्पन्न 12,10,000 झालं तर स्लॅबप्रमाणे कर येतो 61,500. तिथे कायदा सीमांत सवलत देतो आणि कर वरच्या 10,000 पुरताच ठेवतो. मात्र उपकर त्यानंतर लागतो, तो 400 रुपये. म्हणजे दहा हजारांच्या वाढीवर 10,400 गेले. हा तोटा कुठेही साधारण 2,800 रुपयांपेक्षा जास्त होत नाही आणि 12,74,000 च्या आसपास संपतो. जुन्या प्रणालीत 5 लाखांच्या कडेला अशी सीमांत सवलतच नाही, तिथे उत्पन्न किंचित वर गेलं तरी तेरा हजारांचा कर लागतो. ही दोन्ही उदाहरणं सवलत संपण्याची आहेत, स्लॅबची नाहीत, आणि तुमचं उत्पन्न या दोन्हींपासून बरंच दूर आहे.

वाढ नाकारण्याबद्दल कायद्याची बाजूही ऐकून ठेवा. कलम 15 प्रमाणे पगार देय झाला की करपात्र होतो, हातात पडला की नाही हे पाहिलं जात नाही. आज सही करून दोन महिन्यांनी 'फरक नको' असं कळवलंत, तर तोवर देय झालेल्या रकमेवर कर लागू शकतो आणि रक्कमही मिळणार नाही.

म्हणून पत्राची मुदत संपण्याआधी सही करा आणि त्याच दिवशी पेरोल विभागाला ईमेल पाठवून सुधारित कर-गणना पत्रक मागा. त्यात वर्षाचा एकूण कर 1,40,400 दिसला पाहिजे. जादा टीडीएस जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये समान वाटावा अशी विनंतीही त्याच ईमेलमध्ये करा. पत्रकात आकडा जास्त दिसला तर आधी प्रमाणित वजावट धरली आहे का आणि करप्रणाली नवीनच निवडली आहे का, हे तपासा. चूक मार्चपर्यंत सुधारली नाही, तरी जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.